फायबरची आखणी: क्रुस्कल आणि युनियन-फाइंडच्या नोंदी (नागपूर)

१२ मे

केबलवाल्या भाऊंचं काम हातात घेतलं. त्यांच्या सात ठिकाणी खोल्या आहेत: बर्डी, धरमपेठ, सदर, महाल, इतवारी, मेडिकल चौक आणि प्रतापनगर. या सातही एकमेकांना फायबरने जोडायच्या, थेट किंवा दुसऱ्या खोलीतून, पण खर्च कमीत कमी हवा. पावसाळा लागला की खोदकाम बंद, म्हणून मार्ग महिनाअखेर पक्के करायचे आहेत.

सर्वेवाले काका चार दिवस उन्हात फिरून आले. जिथे जिथे चर खोदता येईल अशा अकरा जोडांचे आकडे त्यांनी दिले. आकडे लाखांत आहेत. त्यात खोदाई, डक्ट, केबल आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च धरलाय.

```
महाल – इतवारी          ४
बर्डी – धरमपेठ          ५
बर्डी – सदर             ६
महाल – मेडिकल          ६
धरमपेठ – सदर           ७
धरमपेठ – प्रतापनगर      ८
बर्डी – प्रतापनगर        ९
बर्डी – महाल           ११
बर्डी – मेडिकल         १२
मेडिकल – प्रतापनगर     १३
सदर – इतवारी           १४
```

शेवटचे चार महाग का, हे नकाशा पाहिला की कळतं. चारही रेल्वेचे रूळ ओलांडतात. बर्डी, धरमपेठ, सदर, प्रतापनगर रुळांच्या पश्चिमेला आणि महाल, इतवारी, मेडिकल पूर्वेला. रुळांखालून मशीनने आडवं ड्रिलिंग करायचं, त्याची परवानगी काढायची, म्हणून आकडा फुगतो.

सात नोड, सहा जोड, एकही फेरा नाही आणि बेरीज सर्वांत कमी. म्हणजे सरळसरळ मिनिमम स्पॅनिंग ट्री. जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ साली मांडलेली पद्धत वापरणार. (हा प्रश्न त्याहून जुना आहे. बोरुव्का यांनी १९२६ मध्येच मोराव्हियातल्या वीजजाळ्यासाठी तो सोडवला होता. म्हणजे तारा ओढणाऱ्यांचं हे दुखणं शंभर वर्षांचं आहे.)

१३ मे

कोड लिहिण्याआधी इंटर्न पोरीला समोर बसवून सगळं कागदावर केलं. यादी स्वस्तापासून महागाकडे लावलेलीच आहे. सुरुवातीला प्रत्येक खोलीचा स्वतंत्र गट, म्हणजे सात गट. वरून एकेक जोड उचलायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: याची दोन टोकं आत्ता एकाच गटात आहेत का? नसतील तर जोड घ्यायचा आणि दोन्ही गट एक करायचे. असतील तर सोडून द्यायचा, कारण त्या दोघांत वाट आधीच झालेली आहे आणि नवा जोड फक्त फेरा तयार करेल.

महाल–इतवारी घेतला. बर्डी–धरमपेठ घेतला. बर्डी–सदर आणि महाल–मेडिकल दोन्ही सहाचे, दोन्ही घेतले. आता पश्चिमेला बर्डी-धरमपेठ-सदर असा एक गट आणि पूर्वेला महाल-इतवारी-मेडिकल असा दुसरा. प्रतापनगर अजून एकटं. पुढे धरमपेठ–सदर, सात लाख. दोघं आधीच एका गटात, म्हणून सोडला. धरमपेठ–प्रतापनगर आठला घेतला. बर्डी–प्रतापनगर नऊला आला तेव्हा प्रतापनगर गटात येऊन बसलेलं होतं, म्हणून तोही सोडला. मग बर्डी–महाल अकराला. एक टोक पश्चिमेच्या गटात, दुसरं पूर्वेच्या. घेतला, आणि सगळं एक झालं. सहा जोड पूर्ण झाल्यामुळे यादीतले उरलेले तीन पाहायचीही गरज नाही. बेरीज ४ + ५ + ६ + ६ + ८ + ११ = ४०.

तिने विचारलं, "दादा, पण नेहमी समोरचा स्वस्त जोड उचलत गेलो तर शेवटी महागात पडणार नाही कशावरून?" प्रश्न रास्त आहे, कारण पुष्कळ ठिकाणी असा हावरटपणा अंगाशी येतो. इथे का येत नाही, ते रुळांवरूनच दिसतं. तुम्ही जाळं कसंही आखा, पश्चिमेच्या चार खोल्या आणि पूर्वेच्या तीन यांच्यामधून निदान एक जोड तरी रूळ ओलांडणारच. ओलांडणारे जोड चारच आहेत: ११, १२, १३, १४. समजा कुणी १२ चा वापरून जाळं बनवलं आणि ११ चा वगळला. त्यात ११ चा जोड टाकला की फेरा तयार होतो, आणि त्या फेऱ्यात रूळ ओलांडणारा आणखी एक जोड असलाच पाहिजे. पलीकडे गेलेला फेरा परत यायला हवा ना. तो महाग जोड काढून टाका. जाळं जोडलेलंच राहतं आणि खर्च कमी होतो. म्हणजे ११ चा नसलेलं जाळं सर्वांत स्वस्त असूच शकत नाही. रुळांच्या जागी खोल्यांची दुसरी कुठलीही विभागणी धरा, युक्तिवाद तोच. क्रुस्कलने घेतलेला प्रत्येक जोड त्या क्षणी कुठल्या तरी अशा विभागणीवरचा सर्वांत स्वस्त जोड असतो.

१५ मे

पोरीने कोड लिहिला. काकांच्या एक्सेलवरून चालवला तर उत्तर ५३ आलं. कागदावर ४०.

कोडमध्ये शेवटी तपासणी होती: घेतलेले जोड नोडांपेक्षा एकाने कमी आहेत का? ती पास झाली. सगळे नोड एकाच गटात आहेत का? तीही पास. काका मागून स्क्रीनकडे बघत होते, त्यांनीच पकडलं. "अरे, पोरगी रूळ दोनदा कायले ओलांडून राहिली?"

खरंच, निकालात बर्डी–महालही होता आणि मेडिकल–प्रतापनगरही. शहराचे दोन भाग जोडायला एक ओलांडणी पुरते; दुसरी आली म्हणजे फेरा व्हायला हवा. पण प्रोग्रॅमला फेरा दिसत नव्हता. कारण फाइल दोन टोळ्यांनी भरलेली. पश्चिमेकडच्या टोळीने "बर्डी" लिहिलेलं आणि रुळांच्या ओलांडण्या मोजणाऱ्या टोळीने "सीताबर्डी". माणसाला एकच जागा, प्रोग्रॅमला दोन नोड. सीताबर्डी–महाल अकराला घेतला गेला, पण पश्चिमेकडची "बर्डी" सुटीच राहिली. सीताबर्डी–मेडिकल बाराला आला तर एकाच गटात म्हणून गळला. मग दोन्ही बाजू जोडायला तेराचा जोड घ्यावा लागला. २९ + ११ + १३ = ५३.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की "नोड वजा एक" ही तपासणी इथे आंधळी असते. नोडांची संख्याच आठ झालेली, म्हणून सात जोड बरोबर वाटतात. नाव दोनदा आलं आणि जाळं तुटलंच, तर ती तपासणी ओरडते. पण नाव दोनदा येऊनही दुसरीकडून वाट सापडली, तर महाग उत्तर गुपचूप बाहेर पडतं. उपाय साधा आहे: नोडांची संख्या फाइलवरून काढायची नाही, बाहेरून सांगायची. आम्ही खोल्यांची वेगळी यादी केली, प्रत्येकीला ० ते ६ क्रमांक दिला (बर्डी ०, धरमपेठ १, सदर २, महाल ३, इतवारी ४, मेडिकल ५, प्रतापनगर ६), आणि यादीत नसलेलं नाव आलं की प्रोग्रॅम थांबतो. नावाच्या मागे राहिलेली मोकळी जागासुद्धा यात सापडली.

आता उत्तर ४०.

१९ मे

भाऊंचं दुसरं काम: वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाणाऱ्या खांबांवरून केबल ओढायची. १,१०० खांब, साधारण पंचवीस मीटरला एक, म्हणजे शेजारच्या दोन खांबांमधल्या जोडाचा खर्च सगळीकडे सारखाच. शिवाय काही ठिकाणी खांबावरून आत ले-आउटमध्ये जाणारे महाग जोड. पहिल्या खांबावरून त्यांच्या गोदामाकडे जाणारा एक.

तोच कोड चालवला आणि पडला: `RecursionError`. गंमत म्हणजे आधी एका छोट्या टप्प्याची ९०० खांबांची फाइल मुकाट चालली होती. जोडाची दोन टोकं उलटी लिहिली, म्हणजे "१, २" ऐवजी "२, १", की १,१०० ची फाइलही चालते. अशी लक्षणं दिसली की चूक आकड्यांत नसून रचनेत असते. पोरीचा कोड असा होता:

```python
def find(x):
    if parent[x] != x:
        parent[x] = find(parent[x])
    return parent[x]

def union(a, b):
    parent[find(a)] = find(b)
```

युनियन-फाइंडमध्ये प्रत्येक नोड आपल्या वरच्याकडे बोट दाखवतो. बोटं धरत वर गेलं की शेवटी असा नोड येतो जो स्वतःकडेच बोट दाखवतो. तो त्या गटाचा रूट. दोन नोडांचा रूट एक, तर गट एक. जोड घ्यायचा म्हणजे एका रूटने दुसऱ्या रूटकडे बोट करायचं.

आता खांब क्रमाने आले. १–२: खांब १ ने २ कडे बोट केलं. २–३: २ हा रूट, त्याने ३ कडे बोट केलं. ३–४: ३ ने ४ कडे. अशी अकराशे खांबांची एकच लांब साखळी झाली. हा `find` वर जाताना बोटं थेट रूटकडे वळवून वाट आखूड करतो, हे खरं. पण इथे तो प्रत्येक वेळी साखळीच्या टोकालाच, म्हणजे रूटलाच विचारला गेला, त्यामुळे वाट आखूड करायची संधीच आली नाही. मग महाग जोडांतला पहिलाच जोड गोदामाचा आला आणि साखळी झाल्यावर पहिल्यांदाच खांब १ चा रूट विचारला. मग `find` स्वतःलाच हजाराहून जास्त वेळा बोलवत गेला. पायथॉनची मूळ मर्यादा १,००० आहे. नऊशेची फाइल तिच्या आत बसली, ही बसली नाही. टोकं उलटी केली की प्रत्येक नवा खांब थेट पहिल्याच रूटकडे बोट करतो आणि साखळी होतच नाही.

२० मे

ती म्हणाली, मर्यादा वाढवून टाकू, एका ओळीचं काम. नको म्हटलं. उद्या पाच हजार खांब आले की पुन्हा तीच कटकट, आणि साखळी तशीच राहणार. दोन गोष्टी बदलल्या.

```python
def find(x):
    while parent[x] != x:
        parent[x] = parent[parent[x]]
        x = parent[x]
    return x

def union(a, b):
    a, b = find(a), find(b)
    if a == b:
        return False
    if size[a] < size[b]:
        a, b = b, a
    parent[b] = a
    size[a] += size[b]
    return True
```

`find` आता स्वतःला बोलवत नाही, वर चढताना वाटेतल्या एकाआड एक नोडला त्याच्या आजोबाला जोडत जातो. पण खरी किमया `size` ची आहे: लहान गटाचा रूट मोठ्या गटाच्या रूटखाली जातो, उलटं कधीच नाही.

याने साखळी का होत नाही ते तिला सांगितलं. एखादा नोड रूटपासून एक पायरी खाली जातो तो फक्त त्याचा गट दुसऱ्याखाली गेला तरच. आणि दुसरा गट निदान तेवढाच मोठा असतो, म्हणून त्या वेळी त्याच्या गटाची संख्या दुप्पट किंवा जास्त होते. एकपासून दुप्पट होत होत ११०० च्या आत किती वेळा जाता येईल? दहा वेळा १,०२४, अकराव्यांदा २,०४८, म्हणजे बाहेर. त्यामुळे कुठलाही खांब रूटपासून दहाहून जास्त पायऱ्या खाली असूच शकत नाही, फाइल कुठल्याही क्रमाने येवो. वाट आखूड करणं याच्यावर चढवलं की सरासरी खर्च जवळजवळ स्थिर होतो (टार्जन यांनी १९७५ मध्ये ते नेमकं मोजून दाखवलं). आता वेळ जातो तो जोड क्रमाने लावण्यातच. गट तपासणं त्यापुढे काहीच नाही.

फाइल चालली. `union` आता खरं-खोटं परत देतो, त्यामुळे मुख्य लूपमध्ये "घेतला की सोडला" हेही तिथेच कळतं.

२३ मे

आज नकाशावर रेषा काढल्या. भाऊंना दाखवण्याआधी मी प्रिंट घेतली, तर बर्डी–प्रतापनगर अशी रेषा. तो जोड तर आपण सोडला होता. बाकी पाच रेषा बरोबर.

पोरीने घेतलेल्या जोडांची यादी न वापरता `parent` वरून नकाशा काढला होता. समज अशी, की प्रत्येक नोड कुणाकडे तरी बोट दाखवतो म्हणजे तीच केबल. सात नोडांचं काम संपल्यावर `parent` असा असतो:

```
[0, 0, 0, 0, 3, 3, 0]
```

क्रमांक लावून बघा. धरमपेठ, सदर आणि महाल बर्डीकडे. इतवारी आणि मेडिकल महालकडे. योगायोगाने हे पाचही जोड खरे घेतलेलेच आहेत. पण प्रतापनगरही बर्डीकडे बोट दाखवतं, आणि प्रत्यक्ष केबल येते धरमपेठहून. कारण `union(1, 6)` करताना धरमपेठ नव्हे तर धरमपेठच्या गटाचा रूट पुढे येतो, आणि तो रूट बर्डी. `parent` फक्त गट सांगतो, वाट सांगत नाही. त्यात आपण मुद्दाम वाटा आखूड करतो, म्हणजे त्या बोटांचा जमिनीवरच्या चरांशी संबंध उरतच नाही.

पाच बरोबर आणि एक चूक, हे फार वाईट प्रमाण आहे. सगळंच चुकलं असतं तर लगेच दिसलं असतं. पकडायची युक्ती अशी: नकाशावर काढलेल्या रेषांचे खर्च पुन्हा बेरजेला लावायचे. ५ + ६ + ११ + ४ + ६ + ९ = ४१. प्रोग्रॅम म्हणतो ४०. ही बेरीज आता नकाशा काढणाऱ्या फाइलमध्येच घातली. जुळली नाही तर नकाशा निघतच नाही.

२७ मे

नवतपा चालू. ऑफिसातला कूलर नुसताच गरगरतो.

खांबांच्या नकाशाची तक्रार आली: कालच्या आणि आजच्या प्रिंटमध्ये ले-आउटमधल्या रेषा वेगळ्या. बेरीज मात्र तीच. काकांनी फाइल मध्ये दुसऱ्या क्रमाने लावून परत पाठवली होती. खर्च सारखे असले की कोणता जोड आधी येईल ते फाइलवर ठरतं, आणि सारख्या खर्चाची एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं असू शकतात. चूक कुठेच नाही, पण खोदकामाच्या माणसाला रोज वेगळा कागद देऊन चालत नाही. आता जोड नुसते खर्चाने लावत नाही. खर्च, मग लहान क्रमांक, मग मोठा क्रमांक.

```python
edges.sort(key=lambda e: (e[0], min(e[1], e[2]), max(e[1], e[2])))
```

फाइल कशीही उलटीपालटी करा, प्रिंट तीच येते.

२९ मे

भाऊ आले. नकाशा बघून पहिला प्रश्न: "धरमपेठहून सदरला डायरेक्ट सात लाखात जातं ना बापा, मग बर्डीवरून काहून फिरवून राहिले?" फायबरच्या लांबीच्या हिशोबाने त्यांचं खरं आहे. बर्डीवरून ती वाट पाच अधिक सहा, म्हणजे अकराची पडते आणि थेट सातची. पण बर्डीचे दोन्ही जोड सातपेक्षा स्वस्त, म्हणून ते राहतातच; त्यात सात टाकले तर ते वरचे पडतात. आपण सगळ्यांचा मिळून खर्च कमी केलाय, कुठल्याही दोन खोल्यांमधलं अंतर नव्हे. तो वेगळा प्रश्न, त्याची पद्धतही वेगळी. सिग्नलला शहरातल्या शहरात या फेऱ्याने काही फरक पडत नाही, हे त्यांना पटलं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. बर्डी–महालची केबल कुणी जेसीबीने तोडली तर? तर अर्धं शहर बंद. यात लपवण्यासारखं काही नाही: या जाळ्यात एकही जोड जास्तीचा नाही, म्हणून कुठलाही एक तुटला की दोन तुकडे होतात. स्वस्तात स्वस्त जाळ्याची ती किंमतच आहे.

मग तिथेच हिशोब केला. बर्डी–महाल बाद धरायचा, बाकी पाच घेतलेले जोड `union` मध्ये तसेच टाकायचे, आणि क्रमाने लावलेली यादी तिथून पुढे वाचायची. दोन गटांना जोडणारा पहिला जोड बर्डी–मेडिकल, बारा लाख. तो टाकला की बर्डी–महाल–मेडिकल असं कडं तयार होतं आणि त्यातला कुठलाही एक तुटला तरी पूर्व आणि पश्चिम जोडलेले राहतात. एकूण ५२. पश्चिमेलाही कडं हवं तर धरमपेठ–सदर आणखी सात, ५९. इतवारी आणि प्रतापनगर तरीही एकेका केबलवरच लटकलेले राहणार.

मोठ्या जाळ्यात प्रत्येक जोडासाठी असं पुन्हा पुन्हा करणं जड जाईल, सात खोल्यांना चालतं.

भाऊंनी ५२ वर होकार दिला. पश्चिमेचं कडं पुढल्या वर्षी. रूळ आता दोनदा ओलांडायचे आहेत, म्हणून रेल्वेच्या परवानगीचे दोन अर्ज उद्या काकांकडे द्यायचे; पावसाआधी निदान बर्डी–सदर आणि बर्डी–धरमपेठचे चर बुजवून व्हायला हवेत.